नळ उघडाच राहिला

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी महापेच्या एमआयडीसीत नेहमीसारखी पाळी सुटत नाही. लोक बॅगा घेऊनच कामावर आलेले असतात. कोणी पनवेलला जाऊन एसटी पकडणार असतं, कोणी चौघांत मिळून गाडी ठरवलेली असते. घरचं सामान, आरतीचं पुस्तक, पोरांचे नवे कपडे, सगळं आठवणीनं घेतलेलं असतं. समजा, या गर्दीत छप्पन्न वर्षांचे एक काका आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला, दुसरीतला थोडा अडथळा डॉक्टरांनी औषधावर ठेवला. तेव्हापासून ते रोज सकाळी मेटोप्रोलॉलची ५० मिलिग्रॅमची एक गोळी घेतात. त्या दिवशी सकाळीही घेतली. आणि पट्टी फ्रिजवरच राहिली.

गुहागरकडच्या त्यांच्या गावात हे औषध मिळत नाही असं नाही. पण सण आहे, पाहुणे आहेत, आणि मुख्य म्हणजे काकांना अगदी बरं वाटतंय. इतकं बरं की दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःलाच नवल वाटतं. एरवी हात-पाय जरा गार असायचे, चढावर पाय जड व्हायचे. आता तसं काही नाही. पाच-सहा दिवसांनी महापेला परतलो की पुन्हा चालू करू, असं ते ठरवतात.

या पाच-सहा दिवसांत त्यांच्या हृदयाच्या पेशींवर काय घडतं, ते मला सांगायचं आहे. ते कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो आणि अजून आहे.

आधी एक घरगुती प्रसंग आठवा. नळाचं पाणी अचानक बारीक होतं. करंगळीएवढी धार येते. मग आपण काय करतो? तो नळ पूर्ण सोडतो. तरी भागत नाही म्हणून न्हाणीघरातला उघडतो, बेसिनचा उघडतो. तीन-चार धारा मिळून बादली कशीबशी भरते. काम भागतं, पण नळ तसेच उघडे राहतात आणि आपण झोपतो. रात्री दोन वाजता पूर्ण दाबानं पाणी येतं. सकाळी घरभर तळं झालेलं असतं. पाणी नेहमीइतकंच आलं, नळही चांगलेच होते. फक्त उघडे होते.

आता हृदयाच्या एका पेशीकडे चला. तिच्या बाहेरच्या पडद्यात हजारो सूक्ष्म नळ बसवलेले आहेत. त्यांना बीटा रिसेप्टर म्हणतात. प्रत्येक रिसेप्टर म्हणजे प्रथिनाचा एक लांब धागा, आणि तो पेशीच्या पडद्यातून सात वेळा आत-बाहेर टाका घालत गेलेला. गोधडीला घालतात तसे सात टाके! बाहेरच्या बाजूला एक खोबण तयार होते. रक्तातून आलेलं अ‍ॅड्रिनलिन किंवा मज्जातंतूच्या टोकातून सुटलेलं नॉरअ‍ॅड्रिनलिन त्या खोबणीत बसलं की आतल्या बाजूला धाग्याचा आकार किंचित बदलतो, आणि पेशीला हुकूम मिळतो: जोरात आकस, लवकर आकस. कुत्रं अंगावर आल्यावर छातीत जी धडधड होते ती अशीच. या रिसेप्टरांचं काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

त्या खोबणीत बसून नुसतीच जागा अडवणारं औषध स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात तयार केलं. त्याचं नाव प्रोप्रानोलॉल. हे औषध खोबणीत बसतं पण हुकूम देत नाही. दुसऱ्याच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा तसं. अ‍ॅड्रिनलिन येतं, जागा भरलेली बघतं आणि निघून जातं. हृदय शांत चालतं, त्याची प्राणवायूची भूक कमी होते, आणि अरुंद रक्तवाहिनीतूनही त्याचं भागतं. छातीतल्या दुखण्यासाठी जगभर ही औषधं वापरली जाऊ लागली.

आणि मग काहीतरी विचित्र दिसायला लागलं. १९७५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लहानसा अभ्यास आला. हृदयविकाराच्या फक्त २० रुग्णांवर प्रोप्रानोलॉलची चाचणी झाली होती. चाचणी संपली, औषध एकदम थांबवलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्यातल्या सहा जणांना गंभीर त्रास झाला आणि दोघे दगावले. लक्षात घ्या, हा त्रास औषध चालू असताना झाला नाही, ते बंद केल्यावर झाला. आणि रुग्ण नुसते मूळ जागी परत आले नव्हते. काही जण औषध सुरू करण्यापूर्वी होते त्याहून वाईट अवस्थेत गेले होते.

औषध अंगातून निघून गेलं असेल तर मग हा जादाचा त्रास कुठून आला?

उत्तर उघड्या नळांत आहे. रिसेप्टर पेशीवर कायमचे ठोकलेले नसतात. त्यांची सतत ये-जा चालू असते. जास्त वेळ अ‍ॅड्रिनलिन मिळालं की पेशी त्या रिसेप्टरावर आतून रासायनिक खूण करते, त्याला पडद्यासकट आत ओढते आणि एका इवल्या पिशवीत बंद करते. काही रिसेप्टर थोड्या वेळानं पुन्हा वर येतात, काही मोडीत निघतात. त्याच वेळी नवे तयार होऊन वर येत असतात. म्हणजे हुकूम फार आले की पेशी नळ काढून घेते आणि हुकूम मंदावले की नळ वाढवते. ती दिवसरात्र अशी हिशेब जुळवत असते.

आता रोजची गोळी आली. पेशीला गोळी माहीत नाही. डॉक्टर, स्टेंट, प्रिस्क्रिप्शन, काहीच माहीत नाही. तिला एवढंच जाणवतं की हुकुमाची धार बारीक झाली. मग ती तेच करते जे आपण स्वयंपाकघरात केलं. नळ वाढवते.

हे कोणी मोजलं असेल का? मोजलं आहे, आणि तेही जिवंत माणसांत. १९८० साली अमेरिकेतल्या एका गटानं निरोगी माणसांना आठ दिवस रोज १६० मिलिग्रॅम प्रोप्रानोलॉल दिलं आणि त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर मोजले. ते ४३ टक्क्यांनी वाढले होते. फक्त आठ दिवसांत! त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. औषध थांबवलं, ते रक्तातून नाहीसं झालं, तरी वाढलेले रिसेप्टर आणखी काही दिवस तसेच होते. त्या दिवसांत ही माणसं नुसती उठून उभी राहिली तरी त्यांची नाडी पूर्वीपेक्षा जास्त वाढत होती.

तुम्ही विचाराल, रक्तातल्या पेशीचं हृदयाला काय? शंका रास्त आहे. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा मोजायला कोण देईल? पण तशी एक संधी असते. बायपासच्या शस्त्रक्रियेत यंत्राची नळी घालताना हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याचा एक छोटासा तुकडा बऱ्याचदा काढावाच लागतो. संशोधकांनी असे तुकडे जमवले. ज्यांना मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारखी औषधं चालू होती त्यांच्या तुकड्यांत बीटा-१ जातीचे रिसेप्टर, म्हणजे नेमके ही औषधं अडवतात ते, वाढलेले सापडले. शेजारचे बीटा-२ जातीचे वाढलेले नव्हते. पेशी सरसकट घाबरून सगळे नळ उघडत नाही. जो बारीक झाला तोच वाढवते.

पिंडोलॉल नावाच्या औषधानं तर ही गोष्ट आणखी पक्की केली. हेही बीटा ब्लॉकरच, हेही खोबणीत बसून अ‍ॅड्रिनलिनला अडवतं. पण ते अगदी गप्प बसत नाही, बसल्या बसल्या स्वतःच बारीकसा हुकूम देत राहतं. धार अगदी तुटत नाही. आणि पिंडोलॉल घेणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर वाढण्याऐवजी कमी झालेले आढळले. म्हणजे पेशी औषध मोजत नाही, खोबण भरली की रिकामी हेही मोजत नाही. आत पोचणारा हुकूम मोजते. मला या एका निरीक्षणाचं फार कौतुक वाटतं.

आता काकांकडे परत चला, दिवसागणिक.

चतुर्थीचा दिवस. शेवटच्या गोळीला चोवीस तास झाले आहेत. सावकाश विरघळणारी गोळी असल्यामुळे थोडा अंमल अजून आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रक्त जवळजवळ स्वच्छ झालेलं असतं. हात गरम आहेत, उत्साह आहे. हा उत्साह खोटा नाही. बीटा ब्लॉकरमुळे येणारा थकवा आणि हाता-पायांचा गारवा खरोखरच गेलेला असतो. फसवणूक आहे ती इथेच. ज्या घडीला काकांना सगळ्यात मोकळं वाटतंय त्याच घडीला त्यांच्या हृदयावरचे सगळे जादा नळ उघडे आहेत आणि अडवणारं कोणी नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराच्या पायऱ्या चढताना छातीत धडधड होते. एरवी चढावर त्यांची नाडी नव्वदीच्या आत राहायची, ती आता एकशेवीसला जाते. काका म्हणतात, जागरण झालंय.

एकशेवीस हा आकडा का वाईट? हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं, आणि डावा भाग ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात घेतो. आकसताना त्याचे स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतात. नाडी साठ असली तर मिनिटातले साधारण ४० सेकंद विसाव्याचे असतात. नाडी एकशेवीस झाली की ठोके दुप्पट होतात, पण विसावा एकूण २५-३० सेकंदांवर येतो. काम वाढलं आणि जेवायची सुट्टी कापली. धडधाकट रक्तवाहिन्या रुंदावून हे सांभाळून घेतात. काकांची एक वाहिनी अरुंद आहे. ती रुंदावून रुंदावून किती रुंदावणार?

पाचवा-सहावा दिवस, गौरी-गणपतीचं विसर्जन. मूर्ती डोक्यावर, खाली नदीपर्यंत उतार, ढोल, पाऊस, मग परत चढ. अ‍ॅड्रिनलिन भरपूर. रात्रीचं दोनचं पाणी हेच. छातीत आवळल्यासारखं होतं, डाव्या हाताला मुंग्या येतात, घाम फुटतो. अशा वेळी गोळी शोधत बसायचं नसतं. १०८ला फोन करून रुग्णालय गाठायचं असतं.

प्रत्येकाचं असं होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. नुसता रक्तदाब आहे, हृदयाच्या वाहिन्या चांगल्या आहेत, अशा बहुतेकांना धडधड, डोकेदुखी, हातांची थरथर, घाम एवढ्यावर निभावतं. जिवाचा धोका मुख्यतः हृदयाच्या वाहिन्या अरुंद असलेल्यांना. आणि तिथंही सगळा दोष नळांचा नसतो. औषधानं झाकलेला मूळ आजार उघडा पडतो, तोही त्यात असतो. पण निव्वळ मूळ आजार परतला असता तर माणूस पूर्वीच्या पायरीवर आला असता. त्याच्याही खाली घसरतो, ती घसरण वाढलेल्या रिसेप्टरांची.

इथवर आपण अडवणारं औषध बघितलं. आता उलट करू. अडवण्याऐवजी रिसेप्टरला चालना देणारं औषध असेल तर?

क्लोनिडीनची कथा सर्दीपासून सुरू होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एका औषध कंपनीत नाक मोकळं करणारं नवं द्रव्य तयार झालं. तिथल्या एका डॉक्टरांच्या सेक्रेटरीला सर्दी झाली होती. तिच्या नाकात थोडे थेंब घातले. बाई जवळजवळ दिवसभर झोपल्या, नाडी मंदावली, रक्तदाब खाली आला. नाकाचं औषध बाजूला राहिलं आणि रक्तदाबाचं औषध हाती लागलं. आजही, विशेषतः मूत्रपिंडाच्या आजारात रक्तदाब काही केल्या उतरत नाही तेव्हा, आपल्याकडे डॉक्टर ते देतात. गोळी साधारण ०.१ मिलिग्रॅमची, दिवसातून दोन-तीनदा.

ते करतं काय? मज्जातंतूच्या टोकाशी आणि मेंदूच्या तळाशी अल्फा-२ नावाचे रिसेप्टर असतात. हे ब्रेक आहेत. मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतो, तेच नॉरअ‍ॅड्रिनलिन उलटून त्याच्याच टोकावरच्या अल्फा-२ वर बसतं आणि सांगतं, बास झालं आता. माणूस बोलता बोलता स्वतःचाच आवाज ऐकून हळू व्हावा तसं. क्लोनिडीन हाच ब्रेक सतत दाबून धरतं.

आणि पेशी? तिला वाटतं, अरे, ब्रेकचा हुकूम फारच येतोय. मग ती ब्रेकचे रिसेप्टर आत ओढते, उरलेल्यांना मठ्ठ करते. मघाशी ती नळ वाढवत होती, आता कमी करतेय. नियम एकच: जास्त आलं तर कान बंद कर, कमी आलं तर कान टवकार. पण परिणाम बघा! गोळी थांबली. ब्रेक दाबणारा पाय उचलला गेला आणि ब्रेकही झिजलेला. मज्जातंतू नॉरअ‍ॅड्रिनलिन सोडतोय, पण स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नाही, म्हणून तो थांबत नाही. रस्सीखेचीत समोरच्या गटानं एकदम दोर सोडावा तसं शरीर मागे कोसळतं. दोन अगदी विरुद्ध कामं करणारी औषधं, पेशीनं केलेले दोन उलटे बदल, आणि शेवट मात्र एकाच जागी: धडधड, घाम, चढलेला रक्तदाब.

क्लोनिडीनमध्ये हे फार लवकर घडतं. शेवटच्या गोळीनंतर साधारण १८ ते ३६ तासांत. मोठा डोस बराच काळ घेतलेल्यांना जास्त. रक्तदाब उपचारापूर्वीच्या आकड्याच्याही वर जाऊ शकतो, सोबत डोकं ठणकणं, अस्वस्थपणा, झोप न लागणं. दोन दिवस उलट्या होऊन गोळ्या पोटात न टिकणं हेसुद्धा एकदम बंद केल्यासारखंच.

दोन्ही औषधं एकत्र घेणाऱ्याचं काय होतं, हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. क्लोनिडीन सुटलं की नॉरअ‍ॅड्रिनलिनचा आणि अ‍ॅड्रिनलिनचा लोंढा येतो. तो रक्तवाहिन्यांना दोन प्रकारे हाक देतो. एका जातीचे रिसेप्टर सांगतात आवळा, बीटा-२ जातीचे सांगतात, काही वाहिन्या सैल सोडा. अंगात बीटा ब्लॉकर, विशेषतः प्रोप्रानोलॉलसारखं दोन्ही बीटा अडवणारं, असेल तर ‘सैल सोडा’ ही हाक बंद पडलेली असते. उरतं फक्त ‘आवळा’. रक्तदाब आणखी चढतो. म्हणून डॉक्टर दोन्ही बंद करायची असली तर आधी बीटा ब्लॉकर हळूहळू थांबवतात, काही दिवस जाऊ देतात आणि मग क्लोनिडीन पायरीपायरीनं उतरवतात. क्रम चुकला तर तीच दोन औषधं, तेच डोस, आणि निराळाच अनर्थ.

फिटच्या औषधांतही हाच नियम चालतो, पण सगळ्यांत सारखा नाही. फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम, क्लोनाझेपाम ही मेंदूतल्या गाबा नावाच्या शांतवणाऱ्या द्रव्याचा आवाज मोठा करतात. गाबा आपल्या रिसेप्टरवर बसला की एक दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि पेशी निवांत होते. औषधामुळे दार जास्त वेळ किंवा जास्त वेळा उघडतं. महिनोन्‌महिने हे चाललं की पेशी रिसेप्टरांची घडणच बदलते. ज्या तुकड्यांवर औषध पकड घेतं ते तुकडे बदलून टाकते, काही रिसेप्टर आत ओढते, आणि पलीकडे चेतवणाऱ्या ग्लुटामेटचे कान तीक्ष्ण करते. औषध एकदम सुटलं की शांतवणारा आवाज दबलेला आणि चेतवणारा कर्कश. आकडी येते, कधी एकामागून एक येत राहते आणि मधे शुद्धच येत नाही.

हा निव्वळ मूळ आजार नाही, याचा पुरावा हवा का? ज्यांना आयुष्यात कधी फिट आलेली नाही, ज्यांनी याच जातीचं औषध नुसतं झोपेसाठी किंवा काळजी कमी व्हावी म्हणून बराच काळ मोठ्या डोसात घेतलं, त्यांनाही ते एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. आजार नव्हताच, तरी आकडी आली. ती आली पेशीनं केलेल्या तडजोडीतून.

फेनिटोइन, कार्बामाझेपिन यांचं काम निराळं, सोडियमच्या दारांवर. तिथं औषध सोडल्यावर येणारी फिट बहुतांशी मूळ आजाराचीच असते. ब्रिटनमध्ये दोन वर्षं एकही फिट न आलेल्या १०१३ जणांचा अभ्यास १९९१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्यांची औषधं महिनोन्‌महिने लावून सावकाश उतरवली, निम्म्यांची चालू ठेवली. दोन वर्षांनी औषध चालू असलेल्यांत ७८ टक्के फिटमुक्त राहिले, बंद केलेल्यांत ५९ टक्के. इतकं सावकाश उतरवूनही हा फरक राहिला, कारण पेशीची तडजोड सावकाश उतरवल्यानं निभते, आजार काही सावकाश उतरवल्यानं जात नाही. फिट थांबल्यात म्हणून औषध सोडायचं का, हा वेगळा प्रश्न. सोडायचंच ठरलं तर किती सावकाश, हा वेगळा. घरोघरी या दोन्हींची गल्लत होते.

आता शेवटचं आश्चर्य, आणि ते आपल्या मुंबईतलं.

१९४९ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेवर एक निबंध छापला. ५० रुग्ण, उच्च रक्तदाब, आणि आयुर्वेदाच्या जुन्या ओळखीच्या त्या मुळीनं उतरलेले आकडे. रक्तदाबावरच्या औषधांच्या इतिहासातलं हे मोठं पान आहे. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधेतलं मुख्य द्रव्य रिसर्पिन १९५२ साली वेगळं काढलं गेलं.

रिसर्पिन मज्जातंतूच्या टोकातल्या नॉरअ‍ॅड्रिनलिनच्या पिशव्याच रिकाम्या करतं. हुकुमाची धार जवळजवळ आटते. मग पेशी काय करणार, हे तुम्हीच आता सांगाल. ती कान टवकारते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसलं आहे. म्हणजे इथंही नळ उघडे आहेत. तर रिसर्पिन थांबवल्यावर मोठा उलटा तडाखा बसायला हवा. पण क्लोनिडीनसारखा तो बसत नाही!

का? रिसर्पिन ज्या पिशवीला धरतं तिला सोडतच नाही. ती पिशवी कायमची निकामी. औषध बंद केल्यावर नव्या पिशव्या बनाव्या लागतात, त्या मज्जातंतूच्या मूळ पेशीत बनतात, आणि तिथून लांबलचक तंतूतून वाहत टोकापर्यंत पोचाव्या लागतात. याला दिवस लागतात, आठवडे लागतात. पाणी परत येतं ते थेंब थेंब. तोवर पेशीला जाणवतं की धार वाढतेय, आणि ती एकेक नळ बंद करत जाते. पाणी पूर्ण दाबानं येतं तेव्हा घर सावरलेलं असतं.

म्हणजे तडाखा बसतो तो नुसत्या औषधामुळे नव्हे आणि नुसते रिसेप्टर बदलल्यामुळेही नव्हे. शरीरात दोन घड्याळं चालू असतात. एक औषध जाण्याचं, दुसरं रिसेप्टर मूळ जागी येण्याचं. पहिलं पुढे धावलं की मधल्या दिवसांत माणूस उघडा पडतो. क्लोनिडीनचं पहिलं घड्याळ तासांचं, म्हणून तडाखा लवकर आणि जोराचा. मेटोप्रोलॉलचं एक-दोन दिवसांचं, दुसरं त्यामागून कित्येक दिवस रेंगाळणारं. फेनोबार्बिटोनला अंगातून निम्मं व्हायलाच चारेक दिवस लागतात, म्हणून ते थोडं स्वतःहूनच हळू उतरतं, तरी मेंदूतली जुळवाजुळव त्याहूनही संथ असते.

डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात तेव्हा ते हेच करत असतात. पहिल्या घड्याळाला हातानं मागे धरतात. बीटा ब्लॉकरला साधारण एक ते दोन आठवडे, हृदयविकार असेल तर जास्त जपून. क्लोनिडीनला काही दिवस, रोज रक्तदाब बघत. गाबावरच्या फिटच्या औषधांना महिने. पेशीला नोटीस मिळते आणि ती नळ आवरत जाते.

काकांनी गुहागरला दुसऱ्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना फोन केला असता तर बहुधा जवळच्या दुकानातून तेच औषध, त्याच ताकदीचं घ्यायला सांगितलं असतं. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नसतात. त्यासाठी औषधाचं नाव मात्र माहीत असायला हवं. दुकानदार पट्टी कापून सुट्या गोळ्या देतो, आणि कापलेल्या तुकड्यावर नाव अर्धंच राहतं. ‘ती छोटी पांढरी’ असं सांगून गोळी मिळत नाही. शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘उपाशी या’ म्हटलं म्हणून ही गोळीही चुकवणारे बरेच असतात. तिथं आधीच विचारा. बीटा ब्लॉकर बहुतेकदा घोटभर पाण्याबरोबर चालूच ठेवायला सांगतात.

आज रात्री घरातल्या पट्ट्या उलटून बघा. नाव ‘लॉल’नं संपत असेल, एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, किंवा पट्टीवर क्लोनिडीन असेल, किंवा ते फिटचं औषध असेल, तर पूर्ण नाव आणि ताकद कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाईलमध्ये पट्टीचा फोटो काढून ठेवा, आणि गावी जाताना जितके दिवस राहणार त्याहून आठवड्याच्या जास्त गोळ्या बॅगेत टाका. फ्रिजवर नको.